वरचा रंग, खालचा मुलगा

"मावशी, पण मग खालचा रंग कसा नाही निघाला?"

मे महिन्याच्या सुट्टीत साताऱ्यातल्या एका वाचनालयात मुलांपुढे कथा वाचत होते. समोर सातवी ते दहावीची मुलं, पंखा असून नसल्यासारखा, खिडकीतून रस्त्यावरच्या उसाच्या चरकाची घुंगरं ऐकू येत होती. कथा माझीच, अजून हस्तलिखितात होती. जुनी तैलचित्रं दुरुस्त करणारी एक बाई एका घरातलं कौटुंबिक चित्र साफ करते आहे, आणि कापसाच्या बोळ्याने पुसता पुसता वरचा रंग निघून खाली झाकलेला एक मुलगा दिसायला लागतो, असा प्रसंग होता. मुलं गप्प झाली होती. आणि नेमक्या त्या ठिकाणी नववीतल्या एका मुलीने हात वर केला. वरचाही रंगच, खालचाही रंगच, दोन्ही तेलातले. मग बोळ्याने वरचा निघतो आणि खालचा जागेवर राहतो, हे कसं? मी तिला थोडक्यात उत्तर दिलं, तिने मान डोलावली, कथा पुढे गेली. पण घरी येताना बसमध्ये तो प्रश्न माझ्याबरोबर आला आणि नंतरही सुटेना. कारण त्या प्रश्नाचं पूर्ण उत्तर द्यायचं तर सगळी कथाच पुन्हा सांगावी लागते. वरचं काय, खालचं काय, मधे काय, आणि वरचं काढायचं हे ठरवतं कोण, हे सगळं त्यात येतं.

कथेतली बाई मी कल्पिलेली आहे, पण चित्र खरं आहे. ते आज न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये आहे. अमेरिकेच्या दक्षिणेतल्या लुइझियाना राज्यातलं, न्यू ऑर्लिन्स शहरातलं, १८३७ च्या सुमाराचं. तिथे काम करणाऱ्या झाक आमान्स या फ्रेंच चित्रकाराचं मानलं जातं. उंची साधारण चार फूट, रुंदी तीन फूट. फ्रेडरिक फ्राय नावाच्या व्यापाऱ्याने आपल्या मुलांचं काढून घेतलेलं. एलिझाबेथ, लेओंतीन या दोन मुली आणि धाकटा फ्रेडरिक. छान कपडे घातलेली, गोऱ्या गालांची तीन मुलं, मागे झाडं आणि मोकळं आभाळ. विसाव्या शतकात ज्यांनी ज्यांनी हे चित्र पाहिलं त्यांनी हेच पाहिलं. त्या घरात कितीतरी पिढ्या याच तीन चेहऱ्यांकडे बघत मोठ्या झाल्या असणार. आपल्याकडे जुन्या घरात दारावरच्या पणजोबांच्या तसबिरीकडे आपण जितकं बघतो तितकंच. म्हणजे रोज, आणि जवळपास न बघता.

पण मुलांच्या मागे, पार्श्वभूमीत, एक सावलीसारखा आकार होता.

तैलरंगाचा एक गुण मला या कथेच्या निमित्ताने कळला आणि तो मला फार आवडतो. जवसाच्या तेलात कालवलेला रंग जसजसा म्हातारा होतो तसतसा तो थोडा थोडा पारदर्शक होत जातो. आज घट्ट झाकणारं पुट शंभर वर्षांनी तितकं झाकत नाही. म्हणून चित्रकाराने स्वतःच बदललेला हात, आधी काढून मग हलवलेली टोपी, अशा गोष्टी दोन-तीनशे वर्षांनी चित्रातून धूसर वर येतात. इथेही तसंच झालं असावं. कुणीतरी पार्श्वभूमीच्या रंगाने एक आख्खा माणूस झाकला होता, आणि त्याचा आकार हळूहळू वर येत होता. हे चित्र १९७२ साली कुटुंबाकडून न्यू ऑर्लिन्सच्या कलासंग्रहालयाकडे गेलं, तिथे तीसेक वर्षं ते कोठारात राहिलं, आणि २००५ च्या सुमारास लिलावात विकलं गेलं. विकलं गेलं तेव्हाच्या छायाचित्रात तीनच मुलं आहेत. त्यानंतर ते ज्याच्याकडे गेलं त्याने ते साफ करून घेतलं, आणि चौथा मुलगा बाहेर आला.

माझ्या कथेतल्या बाईला मी ही सावली दिव्याच्या कडेच्या उजेडात दाखवली आहे. खोलीतले दिवे बंद करून एकच दिवा चित्राच्या अगदी बाजूला, पृष्ठभागाला जवळजवळ समांतर धरला, की रंगाचे उंचवटे सावल्या टाकतात. सपाट आभाळात सपाटच उजेड पडायला हवा. पण इथे आभाळाखाली बाहीची कड, खांद्याचा उतार, असं काही उठून दिसतं. ब्रशने आभाळ रंगवताना जे फटकारे पडतील त्यांच्याशी न जुळणारे फटकारे आतून वर आलेले असतात. मुलांना हे फार आवडलं. एकीने घरी जाऊन आजोबांच्या तसबिरीवर टॉर्च धरून बघितल्याचं नंतर सांगितलं, आणि काचेवरची धूळ सोडून काही दिसलं नाही म्हणून ती खट्टू होती.

पुढची पायरी अतिनील दिव्याची. अंधारात हा दिवा चित्रावर धरला की जुनं वार्निश हिरवट-पिवळं चमकतं. त्या वार्निशवर नंतर कुणी रंग लावला असेल तर तो भाग चमकत नाही, काळा डाग दिसतो. ऐकायला सोपं वाटतं, पण गोम अशी की हा दिवा वरच्या वार्निशपर्यंतच नीट बघतो. कुणी शंभर वर्षांपूर्वी माणूस झाकला आणि त्यावर पुन्हा सगळ्या चित्राला वार्निशचा हात मारला, तर ती लबाडी त्या चमकत्या थराखाली सुरक्षित बसते. दिव्याखाली सगळं एकसारखं हिरवं दिसतं आणि बघणारा समाधानाने दिवा विझवतो. क्ष-किरणांचंही तसंच. जुन्या चित्रकारांचा पांढरा रंग शिशाचा असे. शिसं क्ष-किरण अडवतं, म्हणून गोरा चेहरा, पांढरी कॉलर क्ष-किरणात लख्ख उमटते. गडद मातकट रंगांत शिसं फार थोडं असतं. म्हणजे त्या चित्रातली तीन गोरी मुलं क्ष-किरणात ठळक दिसणार आणि झाकलेला चौथा मुलगा काळा होता, त्याचा चेहरा अंधारात राहणार. हे वाक्य कथेत लिहिताना मी बराच वेळ थांबले होते. यंत्राचा काही दोष नाही, शिशाचा गुण आहे तो. तरी लिहिताना कसंसंच झालं. मग अवरक्त किरणांचा कॅमेरा येतो. तो काही रंगांच्या आरपार जातो आणि खालच्या काळ्या रेषा दाखवतो. एकाने जे दिसत नाही ते दुसऱ्याने, आणि तरीही शेवटी उरतं ते अनुमानच. चित्राला हात लावल्याशिवाय पुढे जाता येत नाही अशी एक वेळ येते.

आता त्या मुलीचा प्रश्न.

तैलरंग पाणी उडून वाळत नाही. जवसाचं तेल हवेतला प्राणवायू ओढून घेतं, त्याचे रेणू एकमेकांत गुंततात आणि एक चिवट पापुद्रा तयार होतो. वरून तो काही दिवसांत कोरडा लागतो, पण आतून पक्का व्हायला कित्येक वर्षं, दशकं जातात. १८३७ चा रंग १९०० साली बराच टणक झालेला असतो. शिवाय चित्र पुरं झाल्यावर त्यावर वार्निश लावलेलं असतं. झाडाच्या डिंकासारख्या राळेचा तो थर रंगाच्या तुलनेत लवकर विरघळतो. मग काही दशकं घरातल्या चुलीचा आणि दिव्यांचा धूर त्यावर बसतो. ज्याने माणूस झाकला, त्याने या वार्निशवर आणि धुरावर रंग चढवला. म्हणजे वरचा रंग खालच्या रंगाला कुठेच चिकटलेला नाही. मधे राळेचा आणि काजळीचा पडदा आहे. संवर्धक अॅसिटोन, अल्कोहोल अशी द्रावणं सौम्य करून, हवी तशी मिसळून, कापसाच्या इवल्याशा बोळ्याने लावतो. बोळा बांबूच्या काडीवर हाताने वळलेला असतो. त्यावर द्रावण इतकंच घ्यायचं की ओघळ येणार नाही. बोळा घासायचा नाही, लोळवायचा. मधला राळेचा थर सैल होतो, वरचा रंग मऊ पडतो आणि कापसावर येतो. खालचा जुना टणक रंग तेवढ्या वेळात हलत नाही. खालचा रंग वाचतो तो वयामुळे आणि त्या काजळलेल्या वार्निशमुळे. घाण म्हणून आपण ज्याच्याकडे बघतो त्या थराने त्या मुलाचा चेहरा राखला.

अर्थात हे सगळं नीट जमून आलं तर. वरचा रंगही शंभरी पार केलेला असेल, तर तोही टणक होतो आणि द्रावण दोघांत भेद करत नाही. मूळ रंगातही काही नाजूक असतात; राळ मिसळून लावलेले गडद तपकिरी थर सगळ्यात आधी जातात. बोळ्यावर तपकिरी दिसलं की तो झाकणाऱ्याचा आहे की चित्रकाराचा, हे तिथल्या तिथे कळायला हवं. म्हणून आधी चाचणी. चेहऱ्यावर कधीच नाही. कडेला, कोटाच्या टोकाशी, बोटाच्या नखाएवढी खिडकी उघडायची. सगळ्यात सौम्य द्रावण आधी, मग थोडं तेज. दर वेळी बोळा भिंगाखाली धरून बघायचा आणि रंग आला की थांबायचं. कुठे शंका असेल तर टाचणीच्या टोकापेक्षा लहान कण काढून राळेत बसवायचा, घासून गुळगुळीत करायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली त्याचे थर मोजायचे. तळाशी कॅनव्हासवरचं अस्तर, मग मूळ आभाळ किंवा कोट, मग वार्निशची काचेसारखी पट्टी, तिच्यात काजळीचे काळे ठिपके, आणि वर नंतरचा रंग. अख्ख्या घराण्याचा इतिहास त्या कणात उभा कापून ठेवलेला असतो. जिथे द्रावण चालत नाही तिथे सूक्ष्मदर्शकाखाली शस्त्रक्रियेच्या पात्याने वरचा थर खरवडतात. जर्मनीतल्या ड्रेस्डेनमध्ये, सतराव्या शतकातल्या व्हर्मिअर या डच चित्रकाराच्या, खिडकीशी पत्र वाचणाऱ्या मुलीच्या चित्रात मागच्या भिंतीवर झाकलेला मदन असाच काढला. दिवसाला एक-दोन चौरस सेंटिमीटर. मदन तिथे आहे हे १९७९ मध्ये क्ष-किरणांनी कळलं होतं, पण काढायचा निर्णय झाला तो मधे वार्निश आणि मळ सापडल्यावर, म्हणजे भिंत रंगवणारा व्हर्मिअर नव्हता, तो गेल्यावर कुणीतरी रंगवली, हे नक्की झाल्यावर. तोवर जवळजवळ चाळीस वर्षं ते थांबले. कथा लिहिताना मला ही चाळीस वर्षं फार महत्त्वाची वाटली. मूळ चित्रकारानेच स्वतःचं मत बदलून काही झाकलं असेल, तर ते उघडं करायचा अधिकार कुणाचाच नाही. आणि दुसऱ्याने झाकलं असेल, तरी तो वरचा थर एकदा गेला की परत येत नाही. म्हणून त्याचे फोटो काढायचे, कण जपून ठेवायचे, काय काढलं आणि का काढलं ते लिहून ठेवायचं. झाकणंसुद्धा घडलेली गोष्ट असते.

झाकणं कधी घडलं, हे कसं कळतं? भेगांवरून. तळ्यातला चिखल वाळून फुटतो तसा जुना रंग कॅनव्हासच्या ताणाने फुटतो, आणि भेगांची ती जाळी पसरायला दशकं लागतात. वर नंतर लावलेला रंग त्या भेगांत उतरलेला दिसला, तर भेगा आधीच्या आणि रंग नंतरचा. आणि त्या वरच्या रंगालाही स्वतःच्या भेगा पडल्या असतील, तर तोही काही काल-परवाचा नाही. फ्राय मुलांच्या चित्रावर नंतर काम करणारे क्रेग क्रॉफर्ड यांनी भेगांवरूनच अंदाज केला की हा मुलगा विसाव्या शतकाच्या तोंडाशी, १९०० च्या आसपास झाकला गेला. म्हणजे साठेक वर्षं तो चित्रात होता. घरातल्या माणसांनी रोज पाहिला. मग कुणीतरी ब्रश उचलला.

तो कोण होता ते आता मुलांना सांगायला हवं.

तिघांच्या मागे, झाडाला टेकून, हाताची घडी घालून उभा असलेला पंधरा वर्षांचा काळा मुलगा. कोट नीट, चांगला शिवलेला. नजर थोडी बाजूला. तो पाहुणा नाही, आणि मुलांच्या खेळातही नाही. त्या काळच्या अमेरिकी चित्रांत गुलाम माणसं दिसतात ती सहसा कडेला, वाकलेली, काही धरून उभी, चेहऱ्याचा नुसता ठसा असलेली. हा तसा नाही. चित्रकाराने त्याला एका माणसाइतका वेळ दिला आहे. त्याचा चेहरा त्याचाच आहे, दुसऱ्या कुणाचा असू शकत नाही. माझ्या समोरच्या मुलांना मी त्याचा छापील फोटो दाखवला तेव्हा दहावीतला एक मुलगा पटकन म्हणाला, "हा बोअर झालाय." सगळे हसले. पण तो बरोबर बोलला असं मला वाटतं. लहान मुलांना सांभाळत उभं राहायला लावलेल्या पंधरा वर्षांच्या मुलाच्या तोंडावर जे असेल ते तिथे आहे. त्याखाली आणखी काय काय आहे, ते बघणाऱ्याने आपापल्या वयाप्रमाणे बघावं.

चेहरा सापडला, पण नाव नव्हतं. लुइझियानातले एक संग्राहक, जेरेमी सिमियन, यांनी २०१३ मध्ये या चित्राचा फोटो पाहिला, त्यात चौथा मुलगा होता. मग त्यांना २००५ च्या लिलावाचा फोटो सापडला, त्यात तो नव्हता. तेव्हापासून त्यांनी चित्राचा माग सोडला नाही, आणि २०२१ मध्ये ते विकत घेतलं. मग केटी मोर्लास शॅनन या इतिहासकार बाईंनी जुने कागद काढले. गुलामगिरीचं राज्य होतं, आणि त्या राज्याला प्रत्येक माणसाची नोंद मालमत्ता म्हणून ठेवावी लागे. त्या क्रूर दप्तरातच मुलाचा पत्ता होता. बेलिझेर. जन्म १८२२. सहा वर्षांचा असताना १८२८ मध्ये फ्राय यांनी त्याला त्याच्या आईसकट विकत घेतलं. आईचं नाव सॅली. वय जुळतं, घर जुळतं, काळ जुळतो. कापसाच्या बोळ्याने जे कधीच मिळालं नसतं ते खरेदीखताने दिलं.

इथे मला आमच्या घरातला एक फोटो आठवतो. वाईच्या घरी माजघरात लावलेला, पणजोबांच्या काळचा, सगळं घर अंगणात बसवून काढलेला. खुर्च्यांवर पुरुष, मागे उभ्या बायका नऊवारीत, पुढे सतरंजीवर मुलं. तो जुना फोटो वाळवी लागायच्या आधी नवीन चौकटीत बसवायचा म्हणून बाबांनी काढला, तेव्हा मी तिथे होते. मागचा पुठ्ठा निघाला आणि कळलं की फोटो आम्ही बघत होतो त्यापेक्षा दोन बोटं रुंद आहे. चौकटीत बसवताना कडेची पट्टी मागे दुमडली होती. त्या पट्टीत एक मुलगा उभा होता. असेल बारा-तेरा वर्षांचा, अंगात बंडी, हातात कुणाची तरी छत्री मिटून धरलेली. घरातला कुणी नव्हता. बाबा म्हणाले, गडी असेल. आत्याला विचारलं, तिलाही नाव सांगता येईना. एवढंच म्हणाली की विहिरीवरून पाणी ओढायला एक पोरगा होता असं तिची आजी सांगायची. हाच तो की दुसरा, कोण सांगणार. फोटो दुमडणाऱ्याच्या मनात काही वाईट असेल असं मला वाटत नाही. चौकट लहान पडली असेल. पण दुमडायला नेमकी तीच बाजू मिळाली. दुसऱ्या बाजूला पणजोबांचे धाकटे भाऊ होते, तिकडून दुमडायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही. आता फोटो पूर्ण रुंदीत लावला आहे, मुलगा दिसतो. आणि आमच्याकडे त्याच्यासाठी कुठलं दप्तर नाही. बेलिझेर विकला गेला म्हणून त्याचं नाव राहिलं. आमच्या अंगणातल्या मुलाला कुणी विकलं नाही, तर त्याचं नाव कशावर असणार. हा विचार मनात आला की मला काय वाटतं ते धड सांगता येत नाही.

बेलिझेरला झाकणारा हात कुणाचा, याची नोंद नाही. पण ते वर्ष कसलं होतं हे सांगता येतं. याच न्यू ऑर्लिन्समध्ये १८९२ साली कायद्याने काळा मानला गेलेला होमर प्लेसी आगगाडीत गोऱ्यांच्या डब्यात बसला म्हणून त्याला अटक झाली, आणि १८९६ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने वेगळे डबे कायदेशीर ठरवले. गुलामगिरी कायद्याने संपून तीस वर्षं झाली होती, आणि काळ्या माणसाला गाडीत, शाळेत, बागेत गोऱ्यांपासून वेगळं काढण्याचे नियम एकामागून एक होत होते. अशा दिवसांत दिवाणखान्यातल्या चित्रात काळा मुलगा गोऱ्या मुलांच्या मागे इतक्या सहज टेकून उभा असावा, हे कुणाला तरी नको झालं असेल. की घरात एके काळी माणसं विकत घेतली जात होती याची आठवण नको झाली असेल? दोन्ही शक्य आहे. कथेत मी कुठलंही एक कारण दिलेलं नाही. माझ्या कथेतली बाई तो वरचा रंग भिंगाखाली बघते आणि तिला दिसतं की झाकणाऱ्याने घाई केलेली नाही. झाडाची पानं नीट रंगवली आहेत, जमिनीचा रंग जुळवला आहे. बेमालूम काम केलं आहे. तिला त्या कसबाचा राग येतो, आणि आपणही रोज असंच बेमालूम काम करतो हे तिला ठाऊक असतं. वरचा रंग काढल्यावर खाली जे खरवडलेलं, गेलेलं असेल, तिथे खडू आणि सरस भरून तिलाही रंग लावावाच लागणार आहे. फरक असा की ती जिथे मूळ रंग गेला आहे तेवढ्याच खड्ड्यात लावेल, आधी मधे वार्निशचा थर देईल, आणि उद्या कुणालाही सहज पुसून काढता येईल असाच रंग वापरेल. हनुवटीजवळचा एक तुकडा पूर्ण गेलेला असतो. तिथे काय होतं ते तिला अंदाजाने सांगता येतं, तरी ती तिथे सगळ्यात कमी हात चालवते.

संपादकांचं म्हणणं आहे की कथा चेहरा दिसतो तिथे संपवा. मुलांना तो क्षण लक्षात राहील, पुढचं सगळं कागदपत्र आहे. मी त्यांचा आदर करते, पण हे मला पटलेलं नाही. वाचनालयातल्या मुलांनी चेहरा दिसल्यावर टाळ्या वाजवल्या नाहीत. त्यांनी विचारलं, मग त्याचं पुढे काय झालं? आणि ती तीन मुलं? म्हणून मी त्यांना सांगितलं. चित्र काढलं त्याच वर्षी दोन्ही बहिणी गेल्या. काही वर्षांनी भाऊही गेला. त्या चित्रातल्या चौघांपैकी मोठा झाला तो बेलिझेर एकटाच. वर्ग एकदम शांत झाला आणि मग एक मुलगी म्हणाली, म्हणजे त्याची आई आणि त्या तीन मुलांची आई, दोघींनी तो मोठा होताना पाहिला. मी हे लिहिलं नव्हतं. आता लिहिलं आहे, तिच्या परवानगीने. फ्राय वारले, घराची परिस्थिती खालावली, आणि १८५६ मध्ये फ्राय यांच्या पत्नीने बेलिझेरला एव्हरग्रीन नावाच्या मळ्याला विकलं. उसाचा मळा. गुलामांच्या बावीस खोपट्या तिथे आजही रांगेत उभ्या आहेत. तो तेव्हा चौतिशीचा होता, शहरातल्या घरात वाढलेला. ऊसतोड काय असते ते आमच्या सातारकडच्या मुलांना सांगावं लागत नाही. पाचट अंगाला कसं कापतं, फडात पहाटे किती थंडी असते, ते त्यांना माहीत आहे. कागदांत तो १८६१ पर्यंत सापडतो. त्या वर्षी यादवी युद्ध सुरू झालं, पुढच्या वर्षी न्यू ऑर्लिन्स उत्तरेच्या सैन्याच्या हाती गेलं. त्या सैन्याच्या बातम्या मळ्यावर पोचल्या तेव्हा तो तिथे होता का, कोण जाणे.

२०२३ मध्ये मेट्रोपॉलिटनने चित्र घेतलं, तेव्हा नाव दिलं "बेलिझेर आणि फ्राय मुलं". त्याचं नाव आधी. माझ्या कथेत या सगळ्याची शेवटची चार पानं आहेत: १८५६ चं खरेदीखत, मळा, युद्ध, आणि संग्रहालयाच्या भिंतीवरची ती पाटी. संपादकांना मी काल कळवलं की शब्दमर्यादेसाठी कापायचंच असेल तर अतिनील दिव्याचा उतारा कापा. ही चार पानं राहतील.